मरुत् कोण आणि मरुत्त कोण?

गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी जुळे सोलापुरातल्या कोणत्याही वसाहतीतून फेरी मारा. आरत्या चढत्या आवाजात संपतात, टाळ थांबतात, फुले-अक्षता हातोहात वाटल्या जातात आणि मग मंत्रपुष्पांजली सुरू होते. पहिला ओंकार सगळे मिळून इतका लांबवतात की पुढच्या सबंध मंत्राला तेवढा वेळ मिळत नाही. मग गाडी उतारावरून सुटावी तशी अक्षरे सुटतात. मधल्या काही शब्दांपाशी सगळा घोळका गुळमुळीत होतो, फक्त एक-दोन आवाज पुढे राहतात, आणि शेवटच्या शब्दाशी सगळे पुन्हा गाठतात. लगेच फुले उडतात. हे घरोघर चालते आणि ह्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

मला वाटते, आणि ते मी इथे भांडून सांगणार आहे. भांडण दोन पक्षांशी आहे. पहिला पक्ष म्हणतो, देवाला भाव पाहिजे, उच्चाराचे काय घेऊन बसलात? दुसरा म्हणतो, उच्चार चुकला तर अनर्थ होतो, म्हणून ज्याला अधिकार आहे त्यानेच म्हणावे आणि बाकीच्यांनी हात जोडून उभे राहावे. दोघे एकमेकांचे विरोधक दिसतात, पण काम एकच करतात. पहिला शिकण्याची गरज नाही म्हणतो आणि दुसरा शिकण्याची मुभा नाही म्हणतो. दोघांच्या मध्ये शिकवणे तेवढे राहून जाते.

आता हे शिकणे किती अवघड आहे ते पाहू. मंत्रपुष्पांजली हे एकसंध स्तोत्र नाही. पहिली ऋचा ऋग्वेदातली. ती दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्ताची शेवटची ऋचा म्हणून प्रसिद्ध आहे. त्यानंतरचा कुबेराला उद्देशून असलेला भाग तैत्तिरीय आरण्यकातला. त्यापुढचे 'स्वस्ति'पासूनचे गद्य, ज्यात राज्यांच्या नाना प्रकारांची यादी येते, ते ऐतरेय ब्राह्मणाच्या आठव्या पंचिकेतले. आणि शेवटचा श्लोकही तिथलाच. म्हणजे एका दमात आपण ऋचा, प्रार्थना, गद्य आणि श्लोक अशा चार जातींचा मजकूर म्हणतो. गद्य श्लोकासारखे म्हटले की त्याचे तुकडे भलतीकडे पडतात, आणि श्लोक गद्यासारखा रेटला की त्याचे चरण बुजतात. सगळा गोंधळ ह्या एका गोष्टीतून सुरू होतो.

आधी आघाताचे बोलू, कारण त्याविषयी मोठा गैरसमज आहे. संस्कृत म्हणताना 'जोर कुठे द्यायचा' असे मुले विचारतात, आणि मोठी माणसे काहीतरी उत्तर देऊन मोकळी होतात. खरे उत्तर असे की धक्का देऊन म्हणण्याचा जोर कुठेच द्यायचा नाही. संस्कृतात कानाला जे वजन जाणवते ते काळाचे असते. ऱ्हस्व स्वराला एक मात्रा आणि दीर्घाला दोन. आणि ऱ्हस्व स्वरापुढे अनुस्वार, विसर्ग किंवा जोडाक्षर आले तर ते अक्षर गुरू होते, म्हणजे त्यालाही दोन मात्रांचा वेळ जातो. एवढा हिशेब पाळला की जोर आपोआप योग्य ठिकाणी पडल्यासारखा ऐकू येतो. टाळीच्या ठेक्यावर म्हणणारा घोळका नेमके उलटे करतो. ठेका सारखा पडतो, म्हणून प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ मिळतो. लघू अक्षर ताणले जाते आणि गुरू अक्षर चिमटते.

मराठी माणसाच्या जिभेला ह्यात दोन सवयी आड येतात. पहिली सवय शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळण्याची. आपण 'राम' लिहितो आणि 'राम्' म्हणतो. मराठीत ते बरोबरच आहे. पण 'राजाधिराजाय' ह्या शब्दात शेवटच्या 'य'मधला 'अ' हे एक पुरे अक्षर आहे, एका मात्रेचे. आपण 'राजाधिराजाय्' म्हणून ते खातो, आणि एक अक्षर कमी झाले की पुढच्या शब्दावर आदळतो. दुसरी सवय शेवटचा 'इ' आणि 'उ' लांबवण्याची. ही तर आपण शुद्धलेखनातच पक्की केली आहे. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या नियमांप्रमाणे कवि, गति, गुरु हे शब्द मराठीत कवी, गती, गुरू असे दीर्घान्त लिहायचे. नियम मराठीसाठी योग्य आहे, कारण आपण तसेच बोलतो. पण तीच जीभ घेऊन आपण मंत्राशी जातो आणि 'स्वस्ति'चे 'स्वस्ती' करतो. 'स्वस्ति'त पहिले अक्षर 'स्व' आहे. त्यापुढे 'स्ति' हे जोडाक्षर आहे, म्हणून ते गुरू. 'ति' लघू. दोन आणि एक, तीन मात्रा. मराठी तोंडात वजन पहिल्या अक्षरावरून उठून शेवटच्यावर जाऊन बसते. हाच तो 'चुकीचा जोर'.

इथे कोणी छंदशास्त्राचा आधार काढील की चरणाच्या अखेरचे लघू अक्षर गुरू धरण्याची मुभा आहे. आहे खरी, पण ती मोजणाऱ्याला आहे, म्हणणाऱ्याला नाही. 'ति'नंतर आपण थांबतो, त्या थांबण्यात ती मात्रा भरून निघते. त्यासाठी 'ति'ची 'ती' करावी लागत नाही.

सोलापुरात राहणाऱ्याला ही गोष्ट कळायला पोथीची गरजही पडू नये. आपल्या गावात मराठी, कानडी आणि तेलुगू ह्या तीन भाषा एका गल्लीत नांदतात. कानडी आणि तेलुगू बोलणारी माणसे संस्कृत शब्दाच्या अखेरचा 'अ' गिळत नाहीत. त्यांच्या भाषांना स्वरान्त शब्दांची सवय आहे. आमच्या भागातल्या एका मंडळात, नाव सांगत नाही, मुलांच्या पठणाची तयारी चालली होती. पूर्व भागातून इकडे राहायला आलेल्या एका तेलुगू घरातली मुलगी 'कामकामाय' हा शब्द शेवटच्या 'अ'सकट, सगळी अक्षरे पुरी करून म्हणत होती. शिकवणाऱ्या गृहस्थांनी तिला थांबवले. म्हणाले, 'हा तेलुगू हेल इथे नको, शुद्ध म्हण.' आणि त्यांनी स्वतः 'कामकामाय्' म्हणून दाखवले. बाकीची मुले हसली. पुढच्या संध्याकाळी ती मुलगी रांगेत होती, पण तिचे ओठ हलत नव्हते.

त्या सबंध खोलीत शुद्ध म्हणणारी ती एकटीच होती. तिला अशुद्ध ठरवून गप्प करण्यात आले, आणि ते शुद्धतेच्या नावाने. आपल्या घरची बोलण्याची लकब म्हणजेच संस्कृत, अशी समजूत झाली की असेच होते. तेलुगू बोलणाऱ्यांच्या उच्चारालाही स्वतःच्या खोडी असतील. पण अन्त्य 'अ'च्या बाबतीत आपण त्यांच्याकडून शिकावे, त्यांना शिकवू नये.

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे येते. मंत्रपुष्पांजलीच्या शेवटच्या श्लोकात दोन शब्द अगदी जवळजवळ येतात. एक 'मरुतः' आणि दुसरा 'मरुत्तस्य', जो पुढच्या 'अवसन्'शी जोडून 'मरुत्तस्यावसन्' असा येतो. घोळक्यात दोन्ही सारखेच ऐकू येतात. पण मरुत् हे देव आहेत, वाऱ्यांचा गण. आणि मरुत्त हा राजा आहे, अविक्षिताचा मुलगा. संवर्त आंगिरसाने त्याला महाभिषेक केल्याची कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे, आणि त्याच्या थोर यज्ञाचे वर्णन महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात आहे. श्लोकाचा अर्थ असा की ह्या राजाच्या घरी मरुत् देव वाढपी म्हणून राहिले आणि विश्वेदेव त्याच्या सभेत सभासद होऊन बसले. माणसाच्या पंगतीत देवांनी वाढावे, एवढे त्याचे ऐश्वर्य. श्लोकाची सगळी गंमत ह्या दोन सारख्या नावांच्या शेजारात आहे.

दोघांना वेगळे ठेवते ते एक अर्धे अक्षर. 'मरुतः' मोजा: म एक, रु एक, तः दोन, चार मात्रा. 'मरुत्त' मोजा: म एक, पण 'रु'पुढे 'त्त' असल्यामुळे 'रुत्' दोन, मग 'त'. म्हणजे देवाच्या नावात 'रु' हलका आणि राजाच्या नावात 'रु' जड. तिथे जीभ दातांमागे क्षणभर टेकून थांबली पाहिजे, आपण 'पत्ता' किंवा 'सत्ता' म्हणताना थांबते तशी. 'पत्ता' शब्दात ही चूक कोणताही मराठी माणूस करीत नाही. पत्ता विचारताना 'पता' म्हणत नाही. मग मंत्रात का करतो? कारण तिथे काय म्हणतो आहोत हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. जड 'रु' हलका केला की यजमान नाहीसा होतो आणि वाढपी स्वतःच्याच घरी वाढू लागतात.

जोडाक्षराच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म फरक सांगते, कारण शाळेत वृत्ते शिकलेल्यांचीही इथे फसगत होते. मराठीत 'तुम्ही', 'पुन्हा' ह्यांसारख्या शब्दांत जोडाक्षराआधीचे अक्षर जड होत नाही. 'तु' आणि 'पु' लघूच राहतात, कारण तिथे आघात येत नाही. ती सवलत मराठीची. संस्कृतात 'ह'च्या जोडाक्षराआधीचा ऱ्हस्वही गुरू होतो. 'प्रसह्य' ह्या शब्दात 'स' जड आहे: प्र, सह्, य. आपण सह्याद्रीचा 'सय्हाद्री' करतो त्याच चालीवर 'प्रसय्ह' म्हणतो. 'ह' मागे पडतो आणि 'य' पुढे घुसतो. आधी 'ह', मग 'य', एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

आता विरामाकडे वळू. घोळक्यात विराम श्वासाप्रमाणे पडतो. ज्याचा दम जिथे संपला तिथे तो थांबला. पण विराम पडायचा तो अर्थाच्या सांध्यावर, आणि दम त्याप्रमाणे राखून ठेवायचा. कुबेराच्या प्रार्थनेत 'काम' हा शब्द लागोपाठ तीनदा येतो: आधी 'कामान्', मग लगेच 'कामकामाय'. मी ऐकते तेव्हा बहुधा 'कामान् काम' एवढे एका दमात येते, मग खळ पडतो, आणि मग 'कामाय'. ह्याला अर्थ नाही. 'कामान्' म्हणजे इच्छित वस्तू, आणि 'कामकामाय' म्हणजे इच्छित वस्तूंची इच्छा करणाऱ्याला, अर्थात मला. दुसरा आणि तिसरा 'काम' मिळून एक शब्द आहे. तो मध्ये तोडता येत नाही. थांबायचेच असेल तर 'कामान्'नंतर किंचित थांबा. 'कामकामाय' मात्र अखंड गेला पाहिजे. एका शब्दाच्या पोटात श्वास घेणे ही पठणातली सगळ्यांत ढोबळ चूक, आणि सगळ्यांत सहज टाळता येणारी.

दुसरी जागा गद्यात आहे. 'समन्तपर्यायी' आणि 'स्यात्' असे दोन शब्द आहेत. समन्तपर्यायी म्हणजे सर्व बाजूंनी व्यापणारा, आणि स्यात् म्हणजे व्हावा. घोळका ह्याचे 'समंतपर्या' आणि 'ईश्यात' असे दोन तुकडे करतो. 'यी'चा 'ई' होऊन पुढच्या शब्दाला चिकटतो आणि 'स्यात्'चा 'श्यात' होतो. असा कोणताही शब्द कोणत्याही भाषेत नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या तो चालला आहे, कारण मुलाने तो बापाच्या तोंडून ऐकला आणि बापाने मांडवातून.

तिसरी जागा 'एकराळिति'. ह्यात 'ळ' पाहून मराठी माणसाला तो आपला वाटतो आणि अर्थ कळेनासा होतो. मूळ शब्द 'एकराट्', म्हणजे एकमेव राजा, त्यापुढे 'इति'. दोन्ही जुळताना 'ट्'चा 'ड्' होतो, आणि ऋग्वेदीयांच्या पाठात दोन स्वरांमध्ये सापडलेला 'ड' हा 'ळ' होतो. म्हणून 'एकराळिति'. 'इति' हे बोलणे संपल्याची खूण आहे. म्हणून 'एकरा' म्हणून थांबणे आणि मग 'ळीतीऽ' असे लांबवणे दोन्ही अंगांनी चूक. सगळा शब्द एका दमात, शेवटचा 'ति' ऱ्हस्व, आणि मग पूर्ण विराम. तिथे घाई करू नये. पुढे श्लोक सुरू होणार आहे आणि गद्यातून पद्यात पाऊल टाकायला ती जागा आहे.

श्लोक म्हणजे अनुष्टुभ्. आठ आठ अक्षरांचे चार चरण. पहिला चरण 'परिवेष्टारो'वर संपतो, दुसरा 'गृहे'वर, तिसरा 'कामप्रे'वर आणि चौथा 'सभासदः'वर. दुसऱ्या आणि चौथ्या चरणानंतर पुरता विराम. पहिल्या आणि तिसऱ्यानंतर अगदी निसटता. ह्या निसटत्या विरामापाशी नवशिक्याची खरी परीक्षा होते. छापील पुस्तकात 'कामप्रेर्विश्वेदेवाः' असे जोडून असते. घोळका 'कामप्रे'वर थांबतो आणि 'र्विश्वे' असे म्हणू पाहतो. शब्दाच्या आरंभी रफार उच्चारणे कोणालाच जमत नाही, म्हणून तिथे सगळे आवाज गुळमुळीत होतात. ह्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो: थांबायचे असेल तर संधी सोडा, आणि संधी ठेवायचा असेल तर थांबू नका. थांबलात तर 'कामप्रेः' असा विसर्ग परत आणा आणि मग 'विश्वे' सुरू करा. न थांबलात तर 'र्'वरून जीभ सरळ 'वि'वर जाऊ द्या. 'परिवेष्टारो'चेही तसेच, तो 'ओ' पुढच्या शब्दामुळे आला आहे, थांबलात तर तो 'परिवेष्टारः' होईल. परंपरेने शिकलेले पाठक संधी राखून अखंड म्हणतात, आणि तेच अधिक चांगले. पण ज्याचा दम पुरत नाही त्याने संधी सोडून म्हटले तर ते अशुद्ध होत नाही. अर्धवट सोडणे आणि अर्धवट ठेवणे हे मात्र अशुद्ध.

'मरुत्तस्यावसन्' ह्या शब्दातही अशीच एक खोच आहे. पुष्कळ जण 'मरुत्तस्या' म्हणून थांबतात आणि मग 'वसन्' म्हणतात. 'अवसन्' म्हणजे राहिले, हे भूतकाळाचे रूप. त्यातला आरंभीचा 'अ' हीच भूतकाळाची खूण आणि तो 'स्या'त मिसळून गेला आहे. मध्ये तोडले की उरलेल्या 'वसन्'चा अर्थ 'राहत असलेला' असा होतो, आणि वाक्याला क्रियापदच उरत नाही.

ह्या इतक्या जागा मी मोजून दाखवल्या त्या भीती घालायला नव्हे. मंत्रपुष्पांजलीत ठेचकाळण्याच्या जागा एवढ्याच, सात-आठ. हे दिसावे म्हणून. आता भीतीच्या पक्षाकडे वळते.

त्यांचे ठेवणीतले अस्त्र म्हणजे वृत्राची गोष्ट. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र मिळावा म्हणून आहुती दिली, पण 'इन्द्रशत्रु' ह्या शब्दाचा स्वर चुकला. शेवटचे अक्षर उदात्त असते तर अर्थ 'इंद्राचा मारणारा' असा झाला असता. पहिल्या पदावर उदात्त पडला, म्हणून 'इंद्र ज्याचा मारणारा आहे तो' असा अर्थ झाला, आणि वृत्र मेला. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी ही गोष्ट व्याकरण का शिकावे हे सांगताना दिली आहे. शिकावे म्हणून दिलेली गोष्ट आपण म्हणू नये म्हणून सांगत सुटलो! आणि त्या गोष्टीत चुकला कोण, तर नवशिका नव्हे. यज्ञ करणारा अधिकारी त्वष्टा.

शिवाय ज्या स्वरांची भीती घातली जाते ते स्वर म्हणजे आवाजाची उंची, आघाताचा जोर नव्हे. वेदाच्या छापील प्रतीत अनुदात्ताखाली आडवी रेघ आणि स्वरितावर उभी रेघ असते. उदात्ताला खूण नसते. आपल्या आरतीसंग्रहात ह्या रेघा बहुधा नसतातच. पहिली ऋचा आणि कुबेराची प्रार्थना सस्वर म्हणायची असेल तर ती गुरूच्या तोंडूनच शिकली पाहिजे. पुस्तकातून किंवा ध्वनिमुद्रणातून ती नीट येत नाही, हे मी मान्य करते. पण ऐतरेय ब्राह्मणाचा पाठ परंपरेने स्वरचिन्हांवाचूनच चालत आलेला आहे. म्हणजे मंत्रपुष्पांजलीचा जो भाग लोकांच्या तोंडी सर्वाधिक बिघडतो, त्या 'स्वस्ति'पासूनच्या भागात चुकवायला स्वराची खूणच नाही; तिथे चुकतात त्या मात्रा आणि विराम. आणि वेदमंत्रही एका सुरात, एकश्रुतीने म्हणण्याचा विकल्प खुद्द पाणिनीने सांगून ठेवला आहे. तेव्हा नवशिक्याने काय करावे ह्याचे उत्तर सोपे आहे. सिनेमाच्या किंवा भजनाच्या चालीवर खालीवर जाऊ नये. एक सूर धरावा आणि सगळा मंत्र त्यावर म्हणावा.

बायकांनी आणि अमक्यातमक्यांनी म्हणू नये, ह्याविषयी मी वाद घालीत नाही. तो वाद प्रत्यक्षाने संपवला आहे. साकोरीला उपासनी महाराजांच्या कन्याकुमारी स्थानात कन्या वेदपठण करीत आल्या आहेत. पुण्यात ऋषिपंचमीला दगडूशेठ हलवाई गणपतीपुढे हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणतात. म्हणावे की नाही हा प्रश्न आता राहिला नाही. कसे म्हणावे हा राहिला आहे. मला कोणी विचारते की तुमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, तुम्हाला हे सांगण्याचा अधिकार काय? मात्रा मोजायला दोनपर्यंत आकडे यावे लागतात. तेवढे मला येतात.

राहिला भावाचा पक्ष. त्यांना माझे एकच विचारणे आहे. दारी आलेल्या पाहुण्याचे नाव तुम्ही चुकीचे घेतले आणि म्हणालात की माझा भाव चांगला आहे, तर तो हसून सोडून देईल. पण दर वर्षी, दहा दिवस, दोन वेळा तेच नाव चुकीचे घ्याल आणि विचारूनही घेणार नाही, तर त्याला तुमचा भाव कसा कळावा? पाणिनीय शिक्षेत वाईट पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा, मान डोलावणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि दबक्या आवाजात म्हणणारा. ह्यांत जातीचा, लिंगाचा किंवा घरच्या भाषेचा उल्लेख नाही. भाव नसलेलाही त्या यादीत नाही; पण अर्थ न जाणणारा आहे. आपल्या मांडवात मात्र पहिले पाच प्रकार हौसेने मिरवतात, आणि सहाव्या प्रकारात आपण त्या तेलुगू मुलीला लोटले.

आता करायचे काय, ते सांगते. वर्गात मी मुलांना आधी मंत्र देत नाही. आपणच रचलेला एक साधा श्लोक देते, म्हणजे चुकण्याची भीती राहत नाही. आपल्या सिद्धेश्वराला नमस्कार करून तो असा:

सिद्धेश्वरं नमस्कृत्य पठामि स्तोत्रमादरात् ।
शनैः स्पष्टं यथामात्रं पादे पादे विरम्य च ॥

सिद्धेश्वराला वंदून, आदराने, सावकाश, स्पष्ट, मात्रेप्रमाणे आणि चरणाचरणाला थांबून मी स्तोत्र म्हणतो, एवढाच अर्थ. मूल मांडीवर हात ठेवते. लघू अक्षराला बोटाची एक टिचकी, गुरूला दोन. 'सिद्धेश्वरं' म्हणजे दोन, दोन, एक, दोन. 'पठामि'मध्ये प्रत्येक मुलाची गंमत होते. सुटा शब्द म्हटला तर 'मि' एक मात्रेचा. पण पुढे 'स्तो' आल्यामुळे त्याला दोन टिचक्या पडतात. मुले लगेच 'पठामी स्तोत्र' म्हणतात. मग सांगायचे, 'मि' लांबवू नको, 'मिस्' असे म्हण आणि 'स्'वर जरा रेंगाळ. हे एकदा जमले की 'मरुत्त' फुकट जमतो. 'च' म्हणताना शेवटचा 'अ' ऐकू आला पाहिजे. 'विरम्य'मध्ये 'र' जड आणि 'म्य' हलका. प्रत्येक चरणात पाचवे अक्षर लघू आणि सहावे गुरू येते, आणि दुसऱ्या व चौथ्या चरणात सातवे पुन्हा लघू. हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. टिचक्या चुकल्या की तिथे उच्चार चुकला आहे, हे त्यांचे त्यांनाच कळते.

त्यानंतर मंत्रपुष्पांजलीचा कागद घ्यावा आणि पेन्सिलीने विरामांच्या उभ्या रेघा माराव्या. पहिल्या दिवशी फक्त शब्द सुटे करून, अर्थ सांगून. दुसऱ्या दिवशी टिचक्यांवर. तिसऱ्या दिवशी शब्द जोडून, पण रेघ आल्याशिवाय श्वास घ्यायचा नाही. श्वास पुरला नाही तर गती वाढवू नये. आधीच्या रेघेवर अधिक खोल श्वास घ्यावा. मग हल्ली प्रत्येकाच्या खिशात असलेल्या फोनवर स्वतःचे म्हणणे उतरवून ऐकावे आणि तीन प्रश्न विचारावे: 'मरुतः' आणि 'मरुत्त' वेगळे ऐकू आले का? 'राजाधिराजाय'चा शेवटचा 'अ' राहिला का? 'कामकामाय' अखंड गेला का? तिन्हींना होकार आला की समजावे, मांडवातल्या निम्म्या माणसांहून आपण बरे म्हणतो. ह्याला आठवडा लागतो. गणपती येण्याआधी तेवढे दिवस आपण ढोलाच्या सरावाला देतोच.

आणि मंडळांच्या चालकांना सांगणे एवढेच की पुढच्या भाद्रपदात मंत्रपुष्पांजली सांगायला, आधी ज्यांना गप्प केले असेल अशांपैकी एखादीला पुढे उभे करा. टाळ खाली ठेवा, एक सूर धरा आणि तिच्यामागून म्हणा. मरुत् देवांनासुद्धा माणसाच्या घरी वाढप करायला लाज वाटली नाही.